निवडणुकीनंतर उतरलेला भाव आणि बांधून दिलेलं ९०० ग्रॅम सोनं

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात ही सराफी पेढी आहे. थोरले मालक तीस-पस्तीस वर्षं गादीवर बसतात, मुलगा शिकून परत आला आणि आता खरेदी-विक्री तोच पाहतो. हिशोब माझ्याकडे असल्यामुळे पुढचा सगळा प्रकार मला वह्यांमधून आणि दोघांच्या बोलण्यातून जवळून दिसला. पेढी ओळखू येऊ नये म्हणून वजनं आणि व्यवहाराचे तपशील थोडे बदलले आहेत. बाजारातल्या तारखा आणि भाव मात्र जसेच्या तसे आहेत, फक्त ढोबळ आकड्यांत. सगळे भाव दहा ग्रॅम चोख सोन्याचे, जीएसटी सोडून.

२०२४ सालच्या दिवाळीत सोन्याने तोवरचा उच्चांक गाठला होता. ऑक्टोबर संपता संपता जागतिक भाव औंसाला २,७९० डॉलरपर्यंत गेला आणि आपल्याकडे दहा ग्रॅमला ७९,५०० रुपयांच्या पुढे. त्या वेळी दोन गोष्टींची चर्चा होती, पश्चिम आशियातलं युद्ध आणि ५ नोव्हेंबरची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक. निकाल अटीतटीचा होईल, मोजणी लांबेल, कोर्टकज्जे होतील, या भीतीपोटी मोठे गुंतवणूकदार आधीच सोनं घेऊन बसले होते.

निकाल मात्र एका रात्रीत आणि स्पष्ट लागला. ट्रम्प जिंकले. ६ नोव्हेंबरला सोनं एका दिवसात तीन टक्क्यांच्या आसपास पडलं आणि १४ तारखेपर्यंत २,५४० डॉलरला टेकलं. आपल्याकडे भाव ७४,००० च्या खाली आला. दिवाळीत दर ऐकून मागे फिरलेली गिऱ्हाइकं आता दुकानात येऊ लागली. एप्रिल-मेची लग्नसराई समोर होती आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं, "सोनं लग्नाला उचलू, पण भाव आजचा बांधून द्या."

प्रश्न कसा तयार झाला

१२ ते २० नोव्हेंबर या आठवड्याभरात पेढीने ९०० ग्रॅम चोख सोन्याइतक्या दागिन्यांची नोंदणी घेतली. सरासरी भाव ७५,०००. एकूण रक्कम साडेसदुसष्ट लाख, त्यातले २० टक्के म्हणजे साडेतेरा लाख आगाऊ जमा. माल अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे ३० एप्रिल २०२५ पर्यंत द्यायचा.

पावतीवर आणखी एक ओळ होती: नोंदणीचा भाव आणि उचलण्याच्या दिवसाचा भाव यांपैकी जो कमी असेल तो लागू. जिल्ह्याच्या ठिकाणची मोठी दालनं ही सवलत देत होती म्हणून पेढीनेही दिली. गिऱ्हाइकाला यात काहीच धोका नाही. भाव चढला तर बांधलेला भाव आहेच, उतरला तर उतरलेला भाव मिळणार. दोन्ही बाजूंचा धोका सराफाच्या अंगावर येतो आणि त्याबद्दल त्याने एक रुपयाही घेतलेला नसतो.

इथे सराफाच्या हिशोबाची रीत समजून घ्यायला हवी. जुन्या पेढ्या धंदा रुपयांत मोजत नाहीत, ग्रॅममध्ये मोजतात. दहा ग्रॅम विकले की त्याच दिवशी दहा ग्रॅम विकत घेऊन भरायचे. नफा फक्त घडणावळीत. वर्षअखेरीला तिजोरीतलं वजन कमी झालं असेल तर बँकेत कितीही रुपये दिसोत, पेढीला तोटा झाला. या रीतीत ९०० ग्रॅमची नोंदणी म्हणजे ९०० ग्रॅमची विक्रीच. तेवढं सोनं त्याच आठवड्यात भरायला हवं होतं. आगाऊ आलेल्या साडेतेरा लाखांत १८० ग्रॅम लगेच भरले गेले. राहिलेले ७२० ग्रॅम उघडे राहिले, म्हणजे भाव बांधून दिला पण सोनं अजून घेतलेलं नाही. ते घेऊन टाकणं म्हणजे झाकणं.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग सरळ होता. बँकेच्या कॅश क्रेडिटमधून ५४ लाख उचलायचे, ७२० ग्रॅमची बिस्किटं घेऊन तिजोरीत ठेवायची. दहा टक्के दराने साडेपाच महिन्यांचं व्याज अडीच लाखांच्या जवळ जातं. हा खर्च थोरल्यांना जड वाटला, कारण तो घडणावळीतल्या नफ्याचा मोठा घास घेत होता.

दुसरा मार्ग एमसीएक्स या वायदे बाजारातला वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचं सोनं आज ठरलेल्या भावाने घेण्याचा करार. तिथे गोल्ड मिनीचा एक लॉट १०० ग्रॅमचा असतो, म्हणजे सात लॉट घेतले की जवळपास सगळं वजन झाकलं जातं. पूर्ण पैसे लागत नाहीत, मार्जिन म्हणजे थोडी अनामत रक्कम भरावी लागते. पण भाव उतरला तर तो फरक त्याच संध्याकाळी रोख द्यावा लागतो आणि करार संपत आला की पुढच्या महिन्यात सरकवावा लागतो. मुलाला हे येत होतं. वडिलांना वायदा म्हणजे सट्टा वाटत होता. खरं तर न झाकता बसणं हाच सट्टा होता, पण त्यात काहीच करावं लागत नसल्यामुळे तो तसा वाटत नाही.

तिसरा मार्ग थांबण्याचा. आणि 'जो कमी तो भाव' या ओळीने थांबण्याला एक सबळ कारण पुरवलं होतं. आज ७५,००० ने भरलं आणि एप्रिलमध्ये भाव ७०,००० झाला, तर गिऱ्हाईक ७०,००० देणार आणि ७२० ग्रॅमवर ३ लाख ६० हजारांचा तोटा पेढीला. म्हणजे झाकलं तरी तोटा होऊ शकत होता. त्या एका ओळीमुळे नीट झाकण्याचा सोपा मार्गच उरला नव्हता.

नोव्हेंबर आणि डिसेंबर: २०१६ ची आठवण

थोरल्यांचा अंदाज हवेतला नव्हता. त्यांना २०१६ चा नोव्हेंबर नीट आठवत होता, कोणत्या सराफाला आठवणार नाही? ८ तारखेच्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि काही तासांतच तिकडे ट्रम्प पहिल्यांदा निवडून आले. जागतिक भाव त्या रात्री १,३३७ डॉलरपर्यंत उसळला, चोवीस तासांच्या आत खाली आला आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत १,१२५ च्या आसपास पोचला. "निवडणुकीचं सोनं टिकत नाही," हे त्यांचं वाक्य त्या अनुभवातून आलेलं होतं. या वेळीही ते ७०,००० ची वाट पाहत होते.

२०१६ ला सोनं का पडलं होतं, हे पाहिलं तर फरक दिसतो. करकपात आणि सरकारी खर्चाच्या अपेक्षेने अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरचं व्याज महिनाभरात १.८ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांच्या वर गेलं होतं. सोन्यावर व्याज मिळत नाही. रोखे जास्त देऊ लागले की सोनं बाळगणं महाग पडतं, आणि डॉलर वधारला की डॉलरमधला सोन्याचा भाव दबतो. २०२४ च्या निकालानंतरही पहिले दहा दिवस अगदी हेच घडलं: डॉलर वर, व्याज वर, सोनं खाली. शिवाय अनिश्चिततेची भीती निकालाआधीच भावात आली होती. निकाल लागताच ते कारण संपलं आणि ज्यांनी भीतीपोटी घेतलं होतं त्यांनी विकलं.

पण हा परिणाम किती दिवस टिकला? १५ नोव्हेंबरला संपलेल्या आठवड्यात सोनं तळाला होतं. पुढच्याच आठवड्यात युक्रेनने अमेरिकी क्षेपणास्त्रं रशियात डागली, रशियाने अण्वस्त्रांबाबतचं धोरण सैल केलं, आणि भाव एका आठवड्यात पाच-सहा टक्के चढून २,७०० च्या वर गेला. निवडणुकीने केलेली घसरण बव्हंशी आठ दिवसांत भरून निघाली. २५ नोव्हेंबरला लेबनॉनमधल्या शस्त्रसंधीच्या बातमीने आणि अमेरिकेच्या अर्थमंत्रिपदासाठीच्या निवडीने पुन्हा तीन टक्के घसरण झाली. एकेका बातमीचं आयुष्य काही दिवसांचं होतं.

या वर-खाली हेलकाव्यांच्या तळाशी एक खरेदी शांतपणे चालू होती. २०२२ मध्ये रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी गोठवली गेल्यापासून अनेक मध्यवर्ती बँकांनी सोन्याचा साठा वाढवायला घेतला. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत त्यांची निव्वळ खरेदी १,००० टनांच्या वर राहिली. २०२४ मध्ये एकट्या रिझर्व्ह बँकेने सत्तरहून अधिक टन घेतलं. चीनच्या मध्यवर्ती बँकेने सहा महिने थांबलेली खरेदी नेमकी नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू केली. २०१६ ला असा गिऱ्हाईक बाजारात एवढ्या मोठ्या प्रमाणावर नव्हता. म्हणून व्याजदर चढूनही या वेळी सोनं २०१६ सारखं घसरत गेलं नाही. माझ्या मते थोरल्यांच्या तर्कातली उणीव इथे होती. घटना तीच होती, पण खाली उभा असलेला खरेदीदार बदलला होता.

पहिला निर्णायक क्षण: २० डिसेंबर

१८ डिसेंबरला फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, दरकपात केली पण पुढच्या वर्षी कपाती कमी होतील असं सुचवलं. सोनं २,५९० च्या आसपास आलं. २० तारखेला आपल्याकडे भाव पुन्हा साडेपंच्याहत्तर हजारांजवळ होता. त्या दिवशी ७२० ग्रॅम भरले असते तर फरक फार तर छत्तीस हजारांचा बसला असता.

मुलाने हे वडिलांना बोलून दाखवलं होतं. "बाबा, तिथे भाव नोव्हेंबरएवढा खाली आला तरी इथे आलेला नाही. रुपया पडलाय." त्याचं बोलणं बरोबर होतं. त्याच दिवसांत डॉलर पहिल्यांदा ८५ रुपयांच्या वर गेला होता. आपल्या सराफाला राजकीय अनिश्चितता दोन वाटांनी भिडते, एक जागतिक भावातून आणि दुसरी रुपयातून. डॉलर मजबूत झाल्याने तिकडे सोनं उतरतं तेव्हा इकडे रुपया घसरून त्या उताराचा काही भाग खाऊन टाकतो. त्यामुळे ७०,००० चा आकडा गाठायला जागतिक भाव नोव्हेंबरच्या तळापेक्षा बराच खाली जावा लागला असता.

तरीही खरेदी झाली नाही. कारण तोटा अजून दिसत नव्हता, आणि तोटा दिसत नसताना खर्च करायला मन धजत नाही.

जानेवारी ते मार्च: आयात शुल्काची भीती

जानेवारीपासून चित्र बदललं आणि ते बदलण्याची पद्धत या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट आहे. ट्रम्प सर्व आयातीवर शुल्क लावणार ही चर्चा जोरात होती. सोनं त्यातून वगळलं जाईल असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. जगातला सोन्याचा रोखीचा व्यवहार लंडनमध्ये होतो आणि वायद्याचा न्यूयॉर्कच्या कॉमेक्सवर. मोठ्या बँका लंडनमध्ये धातू ठेवतात आणि त्याच्या जोरावर कॉमेक्सवर विक्रीचे वायदे करतात. दोन्हीकडच्या भावात एरवी किरकोळ फरक असतो. पण उद्या लंडनहून नेलेल्या सोन्यावर अमेरिकेत दहा टक्के शुल्क बसलं तर? मग न्यूयॉर्कमधलं सोनं आपोआप महाग. ही शक्यता दिसताच कॉमेक्सचा भाव लंडनच्या वर औंसामागे चाळीस-पन्नास डॉलरने जाऊ लागला.

एवढा फरक मिळत असल्यावर सोनं विमानात बसलं. लंडनची ४०० औंसांची लगड कॉमेक्सला चालत नाही, तिथे १०० औंसांची किंवा किलोची लगड लागते. म्हणून ती आधी स्वित्झर्लंडच्या शुद्धीकरण कारखान्यांत वितळवली जात होती. बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीतून सोनं काढायला एरवी काही दिवस लागतात, तिथे काही आठवड्यांची रांग लागली. कॉमेक्सच्या गोदामांतला साठा नोव्हेंबरमध्ये पावणेदोन कोटी औंसांच्या आसपास होता, तो एप्रिलच्या सुरुवातीला सव्वाचार कोटींच्या वर गेला.

म्हणजे इथे भाव केवळ भीतीने चढत नव्हता. नियमाबद्दलच्या शंकेमुळे धातू एका खंडातून दुसऱ्या खंडात हलला होता आणि लंडनमध्ये उसना मिळणं महाग झालं होतं. निवडणुकीच्या बातमीचा परिणाम दहा दिवसांत विरला, कारण निकाल लागल्यावर शंका उरली नाही. शुल्काची शंका मात्र तीन महिने लटकत राहिली, कारण तिचा निकाल कोणी देत नव्हतं. १ फेब्रुवारीला कॅनडा, मेक्सिको आणि चीनवर शुल्काचे आदेश निघाले आणि ३ तारखेला पहिल्या दोघांना महिन्याची सवलत मिळाली. पेढीत सगळ्यांना वाटलं, चला, आता भाव उतरेल. उतरला नाही. सवलतीने शुल्क पुढे गेलं होतं, शंका तिथेच होती.

फेब्रुवारीच्या मध्याला आपला भाव ८६,००० जवळ आला. तेव्हा मुलाने ३०० ग्रॅम भरून टाकले. ग्रॅममागे १,१०० रुपये, म्हणजे ३ लाख ३० हजारांचा फरक पदरी आला. ४२० ग्रॅम अजून उघडेच होते.

दुसरा निर्णायक क्षण: २ ते ८ एप्रिल

मार्चअखेरीला मुलाचा एक अंदाज होता आणि तो मला आजही चांगला वाटतो. २ एप्रिलला ट्रम्प शुल्कांची यादी जाहीर करणार होते. त्यात सोन्याबद्दल काय ते एकदाचं ठरेल आणि न्यूयॉर्क-लंडनमधला फरक मिटेल, असं त्याचं म्हणणं. तसंच झालं. यादीच्या जोडपत्रात सोन्याच्या लगडी वगळलेल्या होत्या आणि कॉमेक्सवरचा जादा भाव पाहता पाहता विरला. ३ एप्रिलला सोनं ३,१६७ डॉलरचा उच्चांक करून फिरलं आणि ७ तारखेपर्यंत ३,००० च्या खाली गेलं.

या घसरणीला दुसरंही कारण होतं. जगभरचे शेअर बाजार कोसळत होते. ७ एप्रिलला आपला सेन्सेक्सही २,२०० अंकांहून जास्त पडला. ज्यांना शेअरमधल्या तोट्यापोटी मार्जिन भरायचं होतं त्यांनी जे नफ्यात होतं ते विकलं, आणि नफ्यात सोनं होतं. मार्च २०२० मध्येही असंच झालं होतं. अशी विक्री सोन्याबद्दलचं मत बदलल्यामुळे होत नाही, रोख पैसे लागतात म्हणून होते, आणि ती काही दिवसांत संपते. शेअर आणि सोनं एकाच दिवशी जोरात पडत असेल आणि रोख्यांच्या बाजारातही गडबड असेल, तर ही घसरण पैशाच्या चणचणीची आहे असं समजायला हरकत नाही.

८ एप्रिलला भाव ८८,५०० होता. मुलाला उरलेलं सगळं उचलायचं होतं. थोरल्यांचं म्हणणं असं की शंका मिटली, आता नोव्हेंबरसारखी पुढे आणखी घसरण होईल. शेवटी तडजोड झाली आणि २०० ग्रॅम घेतले. फरक २ लाख ७० हजार. उरले २२० ग्रॅम.

नोव्हेंबरशी केलेली तुलना इथे चुकली. नोव्हेंबरमध्ये सोनं पडत होतं तेव्हा डॉलर चढत होता. एप्रिलमध्ये तसं नव्हतं. ९ तारखेला बहुतेक देशांवरचं जादा शुल्क ९० दिवस स्थगित झालं, पण चीनवरचं १४५ टक्क्यांवर नेलं गेलं. पुढच्या दिवसांत डॉलरचा निर्देशांक १०० च्या खाली घसरला आणि त्याच वेळी अमेरिकी रोख्यांवरचं व्याज साडेचार टक्क्यांकडे चढलं. व्याज चढलं की एरवी डॉलर वधारतो आणि सोनं दबतं. इथे व्याज चढत असताना डॉलर पडत होता, म्हणजे गुंतवणूकदार रोखे आणि डॉलर दोन्हींतून बाहेर पडत होते. हा जोडीने होणारा बदल दिसला की सोन्यातली चढ एका बातमीची राहत नाही. २१ एप्रिलला ट्रम्प यांनी फेडचे अध्यक्ष पॉवेल यांच्यावर पुन्हा तोफ डागली. २२ तारखेला सोनं ३,५०० डॉलरला भिडलं आणि आपल्याकडे जीएसटी धरून एक लाखाच्या वर गेलं.

तिसरा क्षण: २२ एप्रिल

एक लाखाच्या मथळ्यांनी घाबरून नोंदणीवाली गिऱ्हाइकं आठवडा आधीच दारात उभी राहिली. पावतीवर ७५,००० होते आणि ते द्यावे लागणारच होते. थोरल्यांनी उरलेले २२० ग्रॅम त्याच दिवशी ९८,५०० ने उचलले. फरक ५ लाख १७ हजार. दुसऱ्या दिवशी भाव जवळपास तीन हजारांनी उतरला, कारण पॉवेलना काढण्याचा विचार नाही असं ट्रम्प म्हणाले. १२ मे रोजी जिनिव्हात अमेरिका आणि चीनने शुल्क ९० दिवसांसाठी खाली आणलं आणि १५ मेपर्यंत आपला भाव ९२,००० च्या आसपास आला.

या खरेदीला मी चूक म्हणणार नाही. माल त्या आठवड्यात द्यायचा होता आणि आणखी थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण आधीच्या पाच महिन्यांत थांबत राहिल्यामुळे सगळ्यात महाग दिवशी विचार करायला वेळच राहिला नाही.

परिणाम

७२० ग्रॅमवर एकूण ११ लाख १७ हजारांचा फरक बसला. पेढीच्या रीतीने मोजायचं तर २२ एप्रिलच्या भावाने सुमारे ११३ ग्रॅम सोनं तिजोरीतून कायमचं गेलं. या सगळ्या नोंदणीवरची घडणावळ त्यात बुडाली. नोव्हेंबरमध्ये जड वाटलेलं व्याज अडीच लाखांचं होतं.

गिऱ्हाइकांना मात्र प्रत्येक ग्रॅम ठरल्या भावाने, ठरल्या दिवशी मिळाला. एकाही पावतीवर वाद झाला नाही. त्या आठवड्यात आसपासच्या काही दुकानांतून गिऱ्हाइकांना 'पुढच्या महिन्यात या' असं ऐकायला मिळत होतं. थोरल्यांनी तसं कोणाला म्हटलं नाही, याचं मोल कुठल्याही वहीत मांडता येत नाही, पण गावात ते राहतं.

वेगळं काय करता आलं असतं

हे प्रकरण पाहून अनेकांचा पहिला निष्कर्ष असतो की राजकीय अनिश्चितता म्हणजे सोन्याची तेजी, तेव्हा झाकायलाच हवं होतं. मला हा निष्कर्ष मान्य नाही. नोव्हेंबरची निवडणूक सोनं पाडून गेली. मेमधल्या समझोत्यानेही पाडलं. थोरल्यांचा २०१६ चा दाखला त्यांच्या बाजूने लागला असता तर आज कोणी त्यांना नावं ठेवली नसती, आणि तरीही ७२० ग्रॅम उघडे ठेवणं तितकंच धोक्याचं राहिलं असतं.

घटनेचा परिणाम किती टिकेल याचा अंदाज घेता येतो. एकदा निकाल लागून संपणारी घटना असेल तर परिणाम दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत मावळतो. नियम अधांतरी असेल तर तो नियम कागदावर येईपर्यंत परिणाम राहतो, मग ते तीन दिवस असोत की तीन महिने. आणि घटनेने डॉलरवरचा विश्वास किंवा मध्यवर्ती बँकांची खरेदी बदलली, तर भाव मागे येतो पण जुन्या पातळीला येत नाही. मेमधल्या घसरणीनंतरही सोनं ३,१२० डॉलरवर थांबलं, म्हणजे निवडणुकीआधीच्या उच्चांकाच्याही तीनशेहून अधिक डॉलर वर. हा अंदाज गुंतवणूकदाराच्या कामाचा आहे. सराफाची अडचण अशी की त्याची मुदत ३० एप्रिलला संपते, घटनेची मुदत कोणी दिलेली नसते.

म्हणून मला पहिली दुरुस्ती पावतीच्या ओळीत हवी होती. 'जो कमी तो भाव' ही सवलत द्यायचीच असेल तर तिचे पैसे घ्यावे लागतात, नाहीतर ती न देता बांधलेला भाव दोन्ही बाजूंना बंधनकारक ठेवावा. ती ओळ नसती तर १२ नोव्हेंबरपासून रोजच्या रोज झाकण्याला काही अडसर नव्हता.

दुसरी गोष्ट वायद्याची. वायद्याने हा तोटा टळला असता, पण तो मार्ग फुकटचा नाही. ३ ते ८ एप्रिल या दिवसांत भाव सुमारे अडीच हजारांनी उतरला. सात लॉटवर तेवढ्यात पावणेदोन लाख रुपये रोख भरावे लागले असते, तेही लग्नसराईच्या तोंडावर, जेव्हा पेढीतला प्रत्येक रुपया कारागिरांकडे आणि मालात अडकलेला असतो. ज्याच्याकडे हे भरायला पैसे बाजूला नाहीत त्याचा सौदा दलाल नको त्या दिवशी कापतो, आणि मग सोनं वर फिरतं तेव्हा झाकण उरलेलं नसतं. लहान पेढीने अर्धं वजन बिस्किटांत आणि अर्धं वायद्यात ठेवणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

२०२५ च्या जूनपासून पेढीने नियम बदलले. नोंदणीची मुदत साठ दिवस, आगाऊ रक्कम निम्मी, 'जो कमी तो भाव' बंद. दिवसभरात नोंदलेलं वजन संध्याकाळी मोजायचं, शंभर ग्रॅम झालं की एक लॉट किंवा तेवढी बिस्किटं, आणि हे काम मुलाचं. वडिलांना विचारून थांबायचं नाही, हे वडिलांनीच ठरवलं.

ऑगस्टमध्ये याची परीक्षा झाली. ८ ऑगस्टला बातमी आली की अमेरिकी सीमाशुल्क खात्याने किलोच्या आणि १०० औंसांच्या लगडींना शुल्क लागू असल्याचं एका पत्रात म्हटलं आहे. कॉमेक्सचा डिसेंबर वायदा ३,५३४ डॉलरच्या उच्चांकावर गेला आणि लंडनपेक्षा शंभर डॉलरहून जास्त वर उभा राहिला. ११ तारखेला ट्रम्प यांनी सोन्यावर शुल्क लागणार नाही असं जाहीर केलं आणि तो फरक ओसरला. ८ तारखेच्या त्या शुक्रवारी दुकानात आठ-दहा जण भाव बांधायला आले होते. मुलाने सगळ्यांची नोंदणी घेतली आणि संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी तेवढं सोनं भरलं. सोमवारी भाव उतरल्यावर थोरल्यांनी विचारलं, शुक्रवारी थांबला असतास तर? मुलाने वही पुढे केली. नोंदलेले ग्रॅम आणि भरलेले ग्रॅम, दोन्ही रकान्यांत तोच आकडा होता.